एकाच्या अलीकडे आणि पलीकडे

बारावीच्या वर्गात 1/(1+x²) या फलनाचं समाकलन विचारलं, की विद्यार्थी ‘टॅन इन्व्हर्स x’ लिहून मोकळे होतात. उत्तर बरोबर असतं. पण x ची किंमत ०.५ असेल, तर तो कोन नेमका किती? त्या दोन शब्दांतून आकडा काही मिळत नाही. आकडा हवा तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार या चार क्रियांपर्यंत खाली उतरावं लागतं. घातश्रेढी, म्हणजे x च्या चढत्या घातांची न संपणारी बेरीज, आपल्याला तिथवर उतरवते.

सुरुवात साध्या भागाकाराने होते. 1 ला 1+x² ने भागायला घ्या आणि थांबू नका. पहिला भाग 1 लागतो, बाकी उरते −x². तिला भागलं की −x² लागतो, बाकी उरते x⁴. हे असंच पुढे चालत राहतं:

1/(1+x²) = 1 − x² + x⁴ − x⁶ + …

उजवीकडे फक्त x चे घात आहेत, आणि घातांचं समाकलन कुणालाही जमतं: घात एकाने वाढवायचा आणि नव्या घाताने भागायचं. प्रत्येक पदाला हेच लावलं, की डावीकडचं क्षेत्रफळ, म्हणजेच तो कोन, असा दिसतो:

टॅन इन्व्हर्स x = x − x³/3 + x⁵/5 − x⁷/7 + …

आता x = 1 घालू. ज्या कोनाचा टॅन १ आहे तो ४५ अंशांचा, म्हणजे π/4. म्हणून

π/4 = 1 − 1/3 + 1/5 − 1/7 + …

ही बेरीज खरी आहे, आणि सुंदरही आहे. पण इथवर येताना आपण एक गोष्ट न तपासता पुढे निघून आलो. पहिल्या श्रेढीत, समाकलनाच्या आधीच्या, x = 1 घालून पाहा. डावीकडे अर्धा येतो. उजवीकडे येतं 1 − 1 + 1 − 1 + …, जिची बेरीज एका पदानंतर १, दोन पदांनंतर ०, तीन पदांनंतर पुन्हा १. ती अर्ध्याच्या जवळपासही कधी फिरकत नाही. म्हणजे जी श्रेढी १ वर कोसळते, तिच्याच पदांचं समाकलन केल्यावर १ वरचं अचूक उत्तर हाती आलं. हे कसं घडलं, याचा उलगडा केला की पदापदाने समाकलन कुठवर करता येतं आणि कुठे नाही, हे आपोआप समजतं.

हा उलगडा करण्याआधी थोडं केरळात जाऊ या, कारण ही श्रेढी जगात पहिल्यांदा तिथे लिहिली गेली. संगमग्रामचा माधव हा गणिती चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पंधराव्याच्या सुरुवातीला होऊन गेला. त्याच्या शिष्यपरंपरेतल्या ज्येष्ठदेवाने १५३० च्या सुमारास ‘युक्तिभाषा’ हा ग्रंथ मल्याळममध्ये लिहिला आणि त्यात या श्रेढीची सिद्धता पायरीपायरीने मांडली. युरोपात जेम्स ग्रेगरी १६७१ मध्ये आणि लायब्निट्झ त्यानंतर दोन-तीन वर्षांत स्वतंत्रपणे याच श्रेढीपर्यंत पोहोचले.

युक्तिभाषेतली रीत आजच्या चिन्हांत सांगायची तर अशी. १ त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याच्या उजव्या टोकाला उभी स्पर्शरेषा काढा आणि तिच्यावर x इतकं वर चढा. तिथून केंद्राकडे रेषा ओढली की ती वर्तुळाचा एक कंस कापते, आणि त्या कंसाची लांबी म्हणजेच आपला कोन. आता स्पर्शरेषेवरच्या x लांबीचे पुष्कळ बारीक समान तुकडे करा. प्रत्येक तुकडा वर्तुळावर किती लांबीचा कंस कापतो? केंद्रापासून तो तुकडा √(1+x²) अंतरावर आहे, म्हणून वर्तुळावर येताना तो तितक्या पटीने आखडतो. शिवाय तो केंद्राकडच्या रेषेला काटकोनात नसून तिरपा आहे, म्हणून पुन्हा तितक्याच पटीने आखडतो. दोन्ही मिळून 1/(1+x²) पट. सगळ्या तुकड्यांचे कंस मिळवायचे म्हणजे आज आपण ज्याला समाकलन म्हणतो तेच करायचं. केरळच्या गणितींनी 1/(1+x²) चा वर केला तसाच सतत भागाकार केला आणि प्रत्येक घाताची बेरीज वेगवेगळी घेतली. 1 पासून n पर्यंतच्या संख्यांच्या p व्या घातांची बेरीज, n खूप मोठा असेल तर, जवळजवळ n चा (p+1) वा घात भागिले (p+1) इतकी होते, हे त्यांनी दाखवलं होतं. पदापदाने केलेलं समाकलन म्हणतात ते हेच. न्यूटनच्या जन्माआधी शंभराहून अधिक वर्षं ते कागदावर उतरलेलं होतं.

आता पुन्हा आपल्या प्रश्नाकडे येऊ. न संपणाऱ्या बेरजेचं समाकलन म्हणजे प्रत्येक पदाच्या समाकलनांची बेरीज, असं सरसकट धरता येत नाही. ते कुठे फसतं हे एका उदाहरणाने पाहू. ० पासून 2/n पर्यंतच्या पायावर n उंचीचा त्रिकोण उभा करा. n कितीही असो, त्याचं क्षेत्रफळ १ च. n वाढत गेला की त्रिकोण अरुंद होत जातो आणि उंच होत जातो. आता अशी श्रेढी रचा की तिच्या पहिल्या n पदांची बेरीज म्हणजे हा n वा त्रिकोण. म्हणजे पहिलं पद पहिला त्रिकोण, दुसरं पद दुसरा त्रिकोण वजा पहिला, आणि असंच पुढे. कोणतंही एक x धरून बघा: केव्हा ना केव्हा त्रिकोण इतका अरुंद होतो की तो तुमच्या x च्या डावीकडेच संपतो, आणि मग बेरीज शून्य होऊन शून्यच राहते. म्हणजे श्रेढीची बेरीज सगळीकडे शून्य, तिचं क्षेत्रफळही शून्य. पण पदांची क्षेत्रफळं वेगवेगळी मोजली तर पहिल्याचं १ आणि बाकी सगळ्यांचं ०. त्यांची बेरीज १. एकच क्षेत्रफळ दोन रीतींनी मोजलं आणि दोन वेगळी उत्तरं आली.

गफलत झाली ती अशी. प्रत्येक बिंदूवर चूक शेवटी शून्य होते खरी, पण कोणत्याही टप्प्यावर थांबलं तरी कुठेतरी एक सुळका उभा असतोच, आणि त्याची उंची त्याच्या अरुंदपणाची पुरती भरपाई करत असते. तेव्हा आपल्या श्रेढीबद्दल खरा प्रश्न असा: n पदांनंतर थांबलो तर उरलेल्या चुकीचा सुळका कसा दिसतो?

याचं उत्तर आपल्या भागाकारातच आहे, कारण भागाकार कुठेही थांबवला तरी बाकी अचूक माहीत असते. तीन पदांवर थांबलो तर

1/(1+x²) = 1 − x² + x⁴ − x⁶/(1+x²)

या ओळीत टिंबं नाहीत. x कोणताही असो, ती पूर्ण खरी आहे. तिच्यात मोजकीच पदं असल्यामुळे तिचं पदापदाने समाकलन करायला कसलीच अडचण नाही. सगळी शंका शेवटच्या बाकीवर येऊन थांबते. छेद 1+x² हा १ पेक्षा लहान कधीच नसतो, म्हणून ही बाकी x⁶ पेक्षा मोठी नाही, आणि ० पासून x पर्यंत तिचं क्षेत्रफळ x⁷/7 पेक्षा मोठं नाही. n पदांवर थांबलो तर तेच क्षेत्रफळ जास्तीत जास्त x च्या (2n+1) व्या घाताला (2n+1) ने भागून येईल तेवढं.

या एका वाक्यातून तिन्ही प्रदेश वेगळे होतात.

x हा १ पेक्षा लहान असेल, समजा ०.५, तर त्याचे घात झपाट्याने शून्याकडे जातात. ० पासून ०.५ पर्यंतच्या सगळ्या बिंदूंवर बाकी एकाच वेळी लहान होते, कुठेही सुळका उरत नाही. म्हणून आतल्या भागात पदापदाने समाकलन निर्धोक आहे. पहिली पाच पदं घेतली तर कोन ०.४६३६८ येतो, सात पदं घेतली तर ०.४६३६४९. खरं उत्तर ०.४६३६४७६ आहे.

x बरोबर १ असेल तर चित्र फार बारकाईने बघण्यासारखं आहे. कोणत्याही टप्प्यावर थांबा, x = 1 या टोकाला बाकीची उंची अर्धा असते. ती कधीच कमी होत नाही, म्हणूनच तिथे मूळ श्रेढी कोसळते. म्हणजे इथेही सुळका आहे. पण त्रिकोणांच्या उदाहरणात सुळका अरुंद होता होता उंच होत होता, आणि इथे त्याची उंची अर्ध्यावरच थांबलेली आहे. तो फक्त अरुंद होत जातो, १ च्या भिंतीला चिकटत जातो. त्याचं क्षेत्रफळ 1/(2n+1) पेक्षा कमी, म्हणजे शेवटी शून्य. एका बिंदूवरची चूक क्षेत्रफळात मोजली जात नाही. समाकलनाला त्या टोकावरची पडझड जाणवलीच नाही, आणि π/4 अचूक मिळाला.

अशा टोकांसाठीचं सर्वसाधारण प्रमेय नॉर्वेच्या नील्स आबेलने १८२६ मध्ये सिद्ध केलं. अंतरालाच्या टोकावर घातश्रेढी अभिसारी असेल, म्हणजे तिची बेरीज एका ठराविक संख्येकडे जात असेल, तर ती संख्या म्हणजे आतून त्या टोकाकडे येताना फलनाची किंमत जिथे पोहोचते तीच असते. दुसरी कुठली असूच शकत नाही. म्हणून टोकावर एवढंच तपासावं लागतं: समाकलन केलेली श्रेढी तिथे अभिसारी आहे का? समाकलनाने पदं लहानच होतात, त्यामुळे आधी चालणारं टोक त्याने कधी गमावत नाही. उलट एखादं टोक नव्याने मिळू शकतं, जसं इथे १ मिळालं आणि −१ ही मिळालं. पण मिळेलच अशी खात्री नाही. 1/(1+x) या फलनाचं असंच समाकलन केलं तर लॉगरिदमची श्रेढी येते, x − x²/2 + x³/3 − …, आणि १ वर ती ०.६९३१… ही २ च्या नैसर्गिक लॉगरिदमची बरोबर किंमत देते. −१ वर मात्र सगळी पदं ऋण होतात, 1 + 1/2 + 1/3 + … ची ऋण बेरीज उरते आणि ती अमर्याद वाढते. तिथे वक्राखालचं क्षेत्रफळच अनंत आहे. श्रेढी तिथे खोटं बोलत नाही, आहे तेच सांगते.

उरला तिसरा प्रदेश, १ च्या पलीकडचा. x = 2 घाला. एका पदानंतर २, दोन पदांनंतर −०.६७, तीन पदांनंतर ५.७३, चार पदांनंतर −१२.५५, पाच पदांनंतर ४४.३४. उत्तर असायला हवं १.१०७१. दहा पदांनंतर तर चूक एकवीस हजारांहून मोठी होते. दर पदाला (2n+1) ने भागलं जातं, पण वर घात चौपटीने वाढतात, तेव्हा हा भागाकार काय पुरणार! म्हणून समाकलनाने अंतरालाची लांबी बदलत नाही. मधून मोजलेली ही लांबी, जिला अभिसरण त्रिज्या म्हणतात, समाकलनाआधीही १ असते आणि नंतरही १. बदललीच तर फक्त टोकांची स्थिती बदलते. अशी श्रेढी हातात आली की फसगत ओळखायला फार गणित लागत नाही. लागोपाठची दोन पदं पाहा. चिन्ह सोडून पुढचं पद मागच्यापेक्षा मोठं होत राहिलं, कितीही पुढे गेलं तरी, तर तुम्ही अंतरालाच्या बाहेर आहात.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की १ वर ही भिंत आहेच का? 1/(1+x²) चा आलेख काढून पाहा. १ वर तो तुटत नाही, उसळत नाही, हळूच खाली उतरत जातो. २ पर्यंतचं क्षेत्रफळ अगदी साधी संख्या आहे. वास्तव संख्यारेषेवर उभं राहून या भिंतीचं कारण सापडतच नाही. ते संमिश्र संख्यांत आहे. x च्या जागी i घातला, ज्याचा वर्ग −१ आहे, तर 1 + i² शून्य होतो आणि फलन फुटतं. i हा शून्यापासून बरोबर १ अंतरावर, रेषेच्या वर आहे. घातश्रेढी ज्या प्रदेशात चालते तो संमिश्र प्रतलावरचं वर्तुळ असतो, आणि ते शून्याभोवती फुगत फुगत i ला टेकलं की थांबतं. त्या वर्तुळाने संख्यारेषेचा जेवढा भाग झाकला, तेवढंच आपलं अंतराल.

कारण कळलं की तोडगाही कळतो. शून्याऐवजी १ भोवती श्रेढी मांडली, म्हणजे (x−1) चे घात घेतले, तर i पर्यंतचं अंतर √2 होतं, आणि अंतराल १ च्या पुढे २.४१४ पर्यंत पोहोचतं. २ त्यात आरामात बसतो. नाहीतर शाळेतली त्रिकोणमिती वापरावी: २ टॅन असलेला कोन म्हणजे काटकोनातून ०.५ टॅन असलेला कोन वजा. वर काढलेला ०.४६३६५ हा आकडा १.५७०८० मधून वजा करा, १.१०७१५ येतो.

श्रेढी चालते म्हणजे ती कामाची असतेच असं नाही. १ हे टोक गणिताच्या नियमात बसतं, पण हिशेबाला फार वाईट आहे. 1 − 1/3 + 1/5 − … ची दहा पदं घेऊन चौपट केली तर π साठी ३.०४१८ मिळतं, हजार पदं घेतली तर ३.१४०५९. n पदांनंतर चूक साधारण 1/n असते, तेव्हा दर नव्या दशांश स्थळासाठी दहापट कष्ट. केरळच्या गणितींनी यावर दोन उपाय योजले होते.

पहिला, उरलेल्या शेपटाचा अंदाज एका छोट्या अपूर्णांकाने बांधायचा. n पदांनंतर π च्या बेरजेत 4n/(4n²+1) मिळवायचे, किंवा शेवटचं पद धन असेल तर वजा करायचे. दहा पदांसाठी हा अपूर्णांक 40/401, म्हणजे ०.०९९७५. तो ३.०४१८४ मध्ये मिळवला की ३.१४१५९ येतं. त्याच दहा पदांतून पाच दशांश स्थळं मिळाली.

दुसरा उपाय, टोकापासून आत सरकायचं. ३० अंशांच्या कोनाचा टॅन 1/√3 आहे, म्हणजे ०.५७७, भिंतीपासून चांगलाच आत. तो घातला की

π = √12 × (1 − 1/(3·3) + 1/(5·9) − 1/(7·27) + …)

इथे दर पदाला ३ ने जास्तीचा भागाकार होतो. बेरजा अशा येतात: पाच पदांनंतर ३.१४२६०, सात पदांनंतर ३.१४१६७, दहा पदांनंतर ३.१४१५९०५. π चा माधवाने दिलेला आकडा दशांश चिन्हानंतर अकरा स्थळांपर्यंत बरोबर आहे. १६९९ मध्ये अब्राहम शार्प या इंग्रज गणितीने याच 1/√3 वरून ७१ स्थळं काढली.

पण π पुरतंच हे तंत्र नाही. त्याची खरी गरज भासते ती ज्या फलनांचं समाकलन नेहमीच्या सूत्रांत लिहिताच येत नाही तिथे. शक्यतेच्या हिशेबात येणारा घंटेच्या आकाराचा वक्र e^(−x²) हे त्याचं ठळक उदाहरण. त्याची श्रेढी 1 − x² + x⁴/2! − x⁶/3! + … सगळीकडे चालते, कारण छेदातले फॅक्टोरियल कुठल्याही घातांना शेवटी मागे टाकतात. समाकलन केल्यावर ० पासून १ पर्यंतचं क्षेत्रफळ 1 − 1/3 + 1/10 − 1/42 + 1/216 − … असं येतं आणि सात पदांत ०.७४६८ मिळून जातं. इथे अभिसरण त्रिज्या अनंत आहे, भिंत नाहीच.

तरीही याच श्रेढीत x = 5 घालून बघा. उत्तर ०.८८६ च्या आसपास असायला हवं. पण पदं आधी वाढत जातात, चोविसाव्या-पंचविसाव्या पदाच्या सुमाराला ५८ कोटींपर्यंत पोहोचतात, आणि मग ओसरतात. एकाआड एक धन आणि ऋण असलेले हे अवाढव्य आकडे एकमेकांना खाऊन शेवटी एकापेक्षा लहान संख्या उरायची असते. दहा आकडी कॅल्क्युलेटरवर ५८ कोटींचा आकडा नऊ जागा अडवतो, दशांशानंतर एकच जागा शिल्लक राहते, आणि तेवढ्याच अचूकतेने शेवटचं उत्तर मिळतं. गणिताच्या दृष्टीने श्रेढी पूर्ण बरोबर असून हातातलं उत्तर निरुपयोगी. म्हणून अशा हिशेबात आधी सर्वांत मोठं पद किती अंकी होतं ते बघावं आणि यंत्राच्या अंकांतून तेवढे वजा करावेत. उरतील तेवढेच अंक विश्वासाचे.

५ साठी मग उलट बाजूने यायचं. शून्यापासून अनंतापर्यंतचं या वक्राखालचं पूर्ण क्षेत्रफळ √π/2, म्हणजे ०.८८६२२६९२५४५… आहे, आणि ५ च्या पलीकडचं शेपूट साधारण e^(−25)/10 इतकंच, दशांशानंतर अकरा शून्यं आणि मग १४. ते वजा करायचंही लक्षात राहिलं नाही, तरी पहिली अकरा स्थळं तीच राहतात.